सिझरची पिशवी आणि कधीच न कापलेली पिशवी: कळांमध्ये फाटते कशी, आणि कळतं कशावरून?

प्रश्न: बायकोचं पहिलं सिझर तीन वर्षांपूर्वी झालं. आता नववा महिना चालू आहे आणि डॉक्टर म्हणतात नॉर्मलचा प्रयत्न करू. पण आमच्या एका वहिनींची पिशवी चौथ्या बाळंतपणात फाटली, आणि त्यांचं आधी एकही सिझर नव्हतं. असं कसं होतं? आधी कळतं का, आणि कळल्यावर हॉस्पिटलवाले नक्की काय करतात?

उत्तर:

आधी वहिनींचं सांगते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नोकरीची पहिली सहा वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काढली. तिथे फाटलेल्या ज्या पिशव्या पाहिल्या त्या बहुतेक वहिनींसारख्या, कधीच ब्लेड न लागलेल्या. शहरात आल्यापासून बघते त्या जवळजवळ सगळ्या सिझरच्या व्रणावर फाटलेल्या. नाव एकच, पण दोन्ही प्रकार इतके वेगळे आहेत की एकाची लक्षणं पाठ करून दुसऱ्याची वाट बघत बसलात तर फसाल.

गर्भपिशवीचा वरचा भाग जाड स्नायूंचा असतो, कळ तोच देतो. खालचा भाग पातळ, नुसता ताणला जाणारा. प्रत्येक कळेला वरचा भाग थोडा आखडतो आणि खालचा थोडा पातळ होतो. बाळ पुढे सरकत असेल तर यात काही वावगं नाही. पण बाळ आडवं असलं, किंवा डोकं कटीत अडकलं, तर वरचा भाग रेटतच राहतो आणि खालचा ताणत जातो. पुरणपोळी जास्त लाटली की एका जागी पुरण दिसायला लागतं, तसं. पहिलटकरणीची पिशवी अशा वेळी बहुधा थकते आणि कळा मंदावतात. चौथ्या खेपेची पिशवी थांबत नाही, ती फाटेपर्यंत रेटते. त्यात कोणी कळा वाढवणारं इंजेक्शन मोजमाप न करता दिलं, गोळ्या जास्त ठेवल्या, किंवा पोटावर कोपराने जोर दिला, तर आगीत तेलच.

चांगली देखरेख असेल तिथे न कापलेली पिशवी फाटणं फारच दुर्मीळ, दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी. कारण इथे इशारा आधी मिळतो, चांगला काही तास आधी. बाई दोन कळांच्या मधेही तळमळते. नाडी वाढत जाते. ओटीपोटाला हात लावू देत नाही. लघवी कमी होते, मग लालसर येते. आणि पोटावर, बेंबीच्या आसपास, एक आडवी खाच दिसायला लागते. ही खाच म्हणजे वरच्या जाड आणि खालच्या ताणलेल्या भागांमधली सीमा, आणि ती तासातासाला वर सरकते. ती दिसली तर वेळ जवळजवळ संपलेली असते. सिझर त्याच्याही आधी व्हायला हवं.

एका रात्री जीपमधून आणलेली बाई मला अजून आठवते. चौथी खेप, सकाळपासून कळा, गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात दुपारी इंजेक्शन दिलेलं. बाळ आडवं होतं, त्याचा हात बाहेर आलेला. ती मात्र शांत पडली होती. नवरा म्हणाला, "मॅडम, मगाशी लई ओरडत होती, पण आता कळा थांबल्यात, बरं वाटतंय तिला." मी पोटावर हात ठेवला तर कातडीखाली बाळाचं कोपर हाताला लागलं. मध्ये पिशवी नव्हतीच. नाडी १४०, वरचं बीपी ७०. बाळ आधीच गेलं होतं. पिशवी डाव्या कडेला उभी फाटलेली, तिथली मोठी रक्तवाहिनी उघडी, पोटात दोन लिटरहून जास्त रक्त. पिशवी काढावी लागली तेव्हा बाई वाचली. आधी असह्य कळ आणि मग अचानक शांतता, या शांततेला मी तेव्हापासून घाबरते.

आता तुमच्या बायकोचं. पहिलं सिझर खालच्या भागात आडव्या छेदाने झालं असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या, तर व्रण उघडण्याचा धोका साधारण दोनशेत एक. कळा सलाईनने सुरू केल्या किंवा वाढवल्या तर शंभरात एकच्या आसपास. गोळ्या ठेवून कळा आणणं अशा पिशवीत आम्ही टाळतोच. छेद वरच्या जाड भागात उभा घेतलेला असेल तर धोका शंभरात चार ते नऊ सांगतात, म्हणून तिथे कळा येऊच देत नाहीत. आणि एक गंमत लोकांना माहीत नसते. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. तो फक्त पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीत कळतो. ते डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा. पिशवीतली गाठ काढण्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा.

व्रणाच्या पिशवीत तासन् तास आधी इशारा मिळेलच असं नाही. टाके जिथे होते तिथे रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे शिवण उसवावी तसा व्रण निमूट उघडू शकतो. प्रचंड कळ, धोधो रक्त, हे सगळं नसतानाही. पहिली तक्रार बहुधा बाळाचे ठोके करतात. म्हणूनच अशा बाईला कळा चांगल्या लागल्यापासून ठोक्यांचं मशीन सतत लावून ठेवतात, अर्ध्या तासाने एकदा ऐकून भागत नाही.

मागच्या काही वर्षांतलीच एक केस सांगते. वय २९, पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून. ३९ आठवडे, कळा आपोआप आलेल्या, संध्याकाळपर्यंत पिशवीचं तोंड ६ सेंटिमीटर उघडलेलं. पाठीतून वेदनाशामक भूल चालू. साडेसहाला तिने आणखी डोस मागितला, जुन्या टाक्यांच्या जागी एकाच ठिकाणी दुखतंय म्हणाली. दिला, पण तिथलं दुखणं गेलं नाही. इथेच कान टवकारायला हवेत. बाकी पोट बधिर आणि एकच जागा दुखते, तीही दोन कळांच्या मधेही दुखत राहते, तर डोस वाढवून गप्प बसायचं नाही. मी ७ वाजता खोलीत आले तेव्हा ठोके १४० वरून ९० पर्यंत खाली जाऊन परत येत होते. ७ वाजून २२ मिनिटांनी ७० वर गेले आणि तिथेच राहिले. तपासलं, तर तासाभरापूर्वी बोटाला चांगलं लागणारं डोकं वर निघून गेलेलं. लघवीच्या नळीत गुलाबी रंग. मशीनच्या कागदावर कळांच्या रेषा मात्र ठीकठाक उमटत होत्या. कळा चालू आहेत म्हणजे पिशवी शाबूत आहे, असं समजू नये.

यानंतर थिएटरमध्ये काय होतं ते तुम्ही विचारलंय. सिस्टरने आधी घंटा दाबली, माझ्याशी बोलायला थांबली नाही. कळांचं सलाईन असतं तर तेही तिथेच बंद केलं असतं. दोन्ही हातांत जाड कॅन्युला, त्याच वेळी रक्तगट आणि मॅचिंगचा नमुना, आणि रक्तपेढीला फोन. तिचं रक्त मॅच होईपर्यंत लागलं तर ओ निगेटिव्ह. सोनोग्राफी करून खात्री करायची नसते, खात्री पोट उघडल्यावरच होते. नवऱ्याला जिन्यातच दोन वाक्यांत सांगितलं आणि सही घेतली. भूलतज्ज्ञ त्याच मजल्यावर होत्या, त्यांनी पूर्ण भूल दिली. ७ वाजून ३४ मिनिटांनी ब्लेड लागलं, ७ वाजून ३६ ला बाळ बाहेर. ठोके पडून राहिल्यापासून चौदा मिनिटं. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण अभ्यासांत असं दिसलंय की साधारण १७-१८ मिनिटांच्या आत निघालेली बाळं बहुतेक सुखरूप राहतात. पुढे प्रत्येक मिनिट मेंदूवर जातं. हे बाळ लुळं निघालं, पण बालरोगतज्ज्ञांनी पंप केल्यावर दोन मिनिटांत रडलं.

बाळ निघालं म्हणजे काम संपलं असं नाही, आईचं तर तिथून पुढेच असतं. व्रण पूर्ण रुंदीला उघडलेला आणि डावा कोपरा खाली चिरत गेलेला. पिशवी पोटाबाहेर उचलली, फाटलेल्या कडा चिमट्यांनी धरल्या, म्हणजे रक्त निम्मं थांबतं आणि नीट दिसायला लागतं. ट्रानेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून दिलं. मूत्राशय पुढून चिकटलेलं असतं, ते फाटलंय का हे रंगीत पाणी भरून बघितलं, शाबूत होतं. मग दोन थरांत टाके. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. कडा स्वच्छ असल्या आणि रक्त थांबलं तर पिशवी शिवून ठेवता येते. चिंध्या झाल्या असतील किंवा रक्त थांबत नसेल तर ती काढावी लागते, आणि तेव्हा "आणखी एक मूल हवं होतं" याचा विचार करत थांबणाऱ्या डॉक्टरकडे बाई दगावते.

कधीकधी मूल नॉर्मल होऊन गेल्यावरच फाटल्याचं कळतं. वार पडली, पिशवी हाताला घट्ट लागते, तरी रक्त थांबत नाही, किंवा बाहेर फारसं रक्त नाही पण बाई पांढरीफटक पडते, नाडी चढते. खांदा दुखतोय असंही सांगते. पोटात साठलेलं रक्त वर छातीच्या पडद्याला लागतं, त्याची ती वेदना. हे पहिल्या दोन तासांत बघायचं असतं, नातेवाईक पेढे वाटत असतात तेव्हा.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना "नॉर्मल होईल ना?" हे विचारू नका, त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. विचारायचं ते हे: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात? थिएटर किती मिनिटांत सुरू होतं? रक्त जवळ आहे की दुसऱ्या गावाहून येतं? ठोक्यांचं मशीन सतत लावणार ना? भूलतज्ज्ञ पाऊण तासाच्या अंतरावर असतील, तर मी माझ्या बहिणीला तिथे कळा घेऊ देणार नाही. मोठ्या ठिकाणी नेईन किंवा सरळ सिझर ठरवेन. उत्तरं पटली, छेद आडवा आहे हे कागदावर दिसलं आणि पहिल्या सिझरला दीड वर्षाहून जास्त झालंय, तर प्रयत्न करण्यात मला काही गैर वाटत नाही. घरी असताना टाक्यांच्या जागी न थांबणारं दुखणं, अंगावर लाल रक्त किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं की "कळा अजून बारीक आहेत" म्हणून थांबू नका, निघा.

ती २९ वर्षांची बाई तीन वर्षांनी परत आली, दिवस गेलेले. एकदा फाटलेल्या पिशवीला पुन्हा कळा देत नाहीत, म्हणून ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, कळा सुरू होण्याआधीच सिझर केलं. पोट उघडलं तर जुन्या व्रणाची जागा इतकी पातळ झालेली की आतले बाळाचे काळे केस दिसत होते.