पीटीएच नॉर्मल, पण दुखणं तिथंच

प्रश्न : आईचं कॅल्शियम वाढलेलं निघालं, हाडं मात्र ठिसूळ. दूध-दही बंद करू का? डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, तरी ती गप्पगप्पच असते.

दूध-दही बंद करू नका. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पंचवटीतल्या साठीच्या एक बाई माझ्याकडे येत. घरच्यांच्या मते निवृत्तीनंतरचं रिकामपण त्यांना खात होतं. मला वेगळंच खटकलं. तासाभराच्या बैठकीत लिटरभर पाणी संपायचं आणि त्या दोनदा बाथरूमला उठायच्या. शुगर नॉर्मल होती. विचारल्यावर जुनी बद्धकोष्ठता आणि मागे झालेला मुतखडा निघाला. नुसत्या उदासीनं माणसाला अशी तहान लागत नाही, म्हणून फिजिशियनना चिठ्ठी दिली.

कॅल्शियम आलं ११.४, साधारण १०.५ च्या वर जाऊ नये. पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक, ५८. लॅबची मर्यादा १५ ते ६५, त्यामुळे त्या आकड्यापुढे खूण नव्हती. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर नॉर्मल आहे." इथंच बरेच जण फसतात.

थायरॉइडच्या मागे सहसा चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. कॅल्शियम वाढलं की त्यांनी गप्प बसायला हवं. म्हणजे ११.४ ला पीटीएच तळाशी हवं होतं. ५८ म्हणजे टाकी भरून वाहतेय आणि मोटर चालूच. रक्तात जास्त आणि हाडात कमी, हे कोडं असं सुटतं. मूत्रपिंडात कॅल्शियमचा लोंढा गेला की खडे होतात, शिवाय लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद कमी पडते, म्हणून ती तहान. मेंदू आणि स्नायूही मंदावतात: थकवा, चिडचिड, विसराळूपणा. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथीला आणखी चेव येतो.

चोवीस तासांची लघवी तपासली, कारण एका आनुवंशिक प्रकारात असेच आकडे येतात, पण ऑपरेशन लागत नाही. इथं तसं नव्हतं. स्कॅनमध्ये एकच ग्रंथी वाढलेली दिसली, ती काढली. ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, कारण भुकेली हाडं कॅल्शियम ओढून घेत होती. काही आठवडे गोळ्या द्याव्या लागल्या. तहान गेली, चिडचिड ओसरली. उदासी थोडी उरली, तिच्यावर आमच्या बैठका चालू आहेत. मूड हमखास सुधारेल असं मी कुणालाच सांगत नाही. हाडं सुधारण्याचा आणि खडे थांबण्याचा भरवसा जास्त.

तुमच्या आईचं कॅल्शियम, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आणि पीटीएच एकाच रक्तातून तपासून घ्या. मूडसाठी लिथियम किंवा बीपीसाठी थायझाइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनीही कॅल्शियम वाढतं. मानसिक गोळ्या मनानं थांबवू नका. उलट्या, गुंगी किंवा बरळणं सुरू झालं तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.