भाडेमाफीचे चार महिने आणि पाचव्या वर्षाचं भाडं

प्रश्न : दातांच्या दवाखान्यासाठी पाच वर्षांच्या करारावर गाळा घेते आहे. तीन खुर्च्या बसवणार. मालकाला पहिल्या दिवसापासून भाडं आणि दरवर्षी 5 टक्के वाढ हवी आहे. मी सुचवणार आहे, की आतल्या कामासाठी पहिले चार महिने भाडं माफ करा आणि सुरुवातीचं भाडं 10 टक्के कमी ठेवा, त्या बदल्यात दरवर्षी 12 टक्के वाढ देते. हा प्रस्ताव देऊ का?

उत्तर : भाडेमाफी जरूर मागा, पण 12 टक्क्यांचं आश्वासन देऊ नका.

मालक सांगतो ते मासिक भाडं 100 धरून हिशेब करू. त्याच्या पद्धतीने पाच वर्षांत सुमारे 6,630 जातील, तुमच्या पद्धतीने सुमारे 6,500. पहिल्या दोन वर्षांत तुमचे 530 वाचतात आणि त्यातले 400 पुढच्या तीन वर्षांत परत जातात. पाच वर्षांनी गाळा सोडणार असाल, तर सौदा खरंच छान आहे. इतक्या स्वस्तात उसने पैसे कोण देतं?

पण दातांचा दवाखाना पाच वर्षांनी सहसा हलत नाही. प्रत्येक खुर्चीपर्यंत पाणी, सांडपाणी, हवा आणि सक्शनच्या नळ्या फरशीखालून नेलेल्या असतात, एक्स-रेच्या खोलीची भिंत खास बांधलेली असते. यातलं फारसं काही उचलून नेता येत नाही, आणि मालकालाही ते ठाऊक असतं. पाचव्या वर्षी तुमचं भाडं 142 च्या घरात असेल, मालकाच्या पद्धतीने ते 122 च्या आत राहिलं असतं. नवा करार या शेवटच्या आकड्यापासून सुरू झाला, तर महिन्याला 20 जास्त जातील आणि पाच वर्षांत वाचलेले 130 साधारण सात महिन्यांत संपतील. पुढचं सगळं नुकसानच.

दुसरी गोष्ट तुमच्या उत्पन्नाची. दरवर्षी 12 टक्के वाढणारी रक्कम साधारण सहा वर्षांत दुप्पट होते. सुरुवातीला रुग्ण वाढत असतात, त्यामुळे ही वाढ जाणवत नाही. तीन खुर्च्या भरल्या की मात्र उत्पन्न वाढायला फी वाढवणं किंवा तास वाढवणं एवढंच उरतं. वाढीचा दर ठरवण्याआधी तिन्ही खुर्च्या भरलेल्या महिन्याची जमा मांडा, त्यातून पगार, साहित्य आणि कर्जाचे हप्ते वजा करा आणि उरलेल्यात 142 बसतं का ते पाहा. पहिल्या वर्षाचा ताळेबंद इथे कामाचा नाही.

तुमच्या जागी मी असा प्रस्ताव देईन : चार महिने माफ, पण ते पाच वर्षांच्या बाहेर, म्हणजे करार 64 महिन्यांचा. भाडं 92 पासून सुरू आणि वाढ टक्क्यांत नाही, दरवर्षी ठरावीक 9. म्हणजे 92, 101, 110, 119, 128. मालकाच्या हाती 6,600 पडतात, त्याच्या मूळ मागणीपेक्षा जरासेच कमी, आणि भाडेकरू चार महिने जास्त टिकतो. पहिल्या बारा महिन्यांत तुम्ही 736 भराल, तुमच्या प्रस्तावात 720 होते. दिलासा जवळपास तेवढाच, शेवटचा आकडा मात्र बराच खाली. तो आणखी खाली आणायचा म्हणून पहिल्याच बैठकीत वाढ 8 मागा, 9 वर यायला जागा राहील.

आता भाडेमाफीच्या तारखेबद्दल, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. करारात 'सही केल्यापासून चार महिने' असं लिहिलेलं असतं. मग आधीच्या भाडेकरूचं सामान निघत नाही, पुरेशा क्षमतेची वीजजोडणी मिळत नाही, आणि दोन महिने बाहेर उभं राहण्यात जातात. त्यामुळे माफी मोजायची ती रिकामा गाळा, चालू वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी आणि काम करण्याची मालकाची लेखी संमती, हे सगळं हाती आल्याच्या दिवसापासून. इमारतीचा देखभाल खर्च माफीत धरला आहे का, तेही लिहून घ्या. मालक बहुधा तो धरत नाही, आणि त्यावर फार ताणू नका.

करार मध्येच सोडल्यास माफ केलेलं भाडं परत द्यावं, अशी अट मालक घालेल. ती रास्त आहे, पण रक्कम दरवर्षी एक पंचमांशाने घटली पाहिजे. चौथ्या वर्षाअखेर सोडलं तरी पूर्ण चार महिन्यांचं भाडं परत मागणं चालणार नाही.

नूतनीकरणाचं कलमही याच बैठकीत काढा. मुदत वाढवायचा हक्क तुमचा आणि भाडं त्या वेळच्या बाजारभावाने, दोघांना मान्य अशा मूल्यांककाने ठरवलेलं. मालक याला नाही म्हणाला, तर चारऐवजी तीन महिन्यांच्या माफीवर या, पण हे कलम सोडू नका.