बंद पडलेल्या फंडांचा हिशेब कोण ठेवतो?

प्रश्न: फंडांच्या वेबसाइटवर इक्विटी कॅटेगरीचा दहा वर्षांचा सरासरी परतावा १२ टक्के दाखवतात. माझ्या वडिलांना त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. ही सरासरी खरी असते का? मी आता एसआयपी सुरू करावी का?

तुमच्या वडिलांनी चूक केली असं आधीच धरून चालू नका, म्हणून हे लिहितोय. आमच्या घरात ते धरून चाललं होतं आणि त्याचा माझ्या बाबांना झालेला त्रास मी पाहिलाय.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशांतले दोन लाख त्यांनी जानेवारी २००८ मध्ये एका इन्फ्रास्ट्रक्चर फंडाच्या एनएफओत, म्हणजे नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीत, घातले. तेव्हा सेन्सेक्स २१ हजारांना टेकून आला होता आणि दहा रुपयांचं युनिट म्हणजे स्वस्त, असं सगळेच सांगत होते. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, तेव्हा फंड विकायचं काम करत. फॉर्म त्यांनीच भरून घेतला. त्या काळी एंट्री लोड, म्हणजे पैसे भरतानाच लागणारं शुल्क, असायचा (ऑगस्ट २००९ पासून सेबीने तो बंद केला), त्यामुळे दहाचं युनिट २.२५ टक्के लोड धरून १०.२२५ रुपयांना पडलं आणि बाबांच्या नावावर १९,५५९.९०२ युनिट्स आली. हा आकडा मला पाठ आहे. कारण बाबांनी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, रात्री डेपोत वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं केल्यावर मारायचे तशा.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २००९ पर्यंत सेन्सेक्स ८ हजारांवर आला. बाजार सावरला, पण इन्फ्रा फंड तेव्हा फारसे सावरले नाहीत. २०१३ च्या मध्यावर फंड हाउसचं पत्र आलं की ही योजना आमच्या मोठ्या डायव्हर्सिफाइड फंडात विलीन होतेय, नको असेल तर तीस दिवसांत एक्झिट लोड न लागता पैसे काढा. भावोजी म्हणाले, "बाबा, चांगलंच झालं, त्यापेक्षा भारी फंड मिळाला." बाबांनी सही करायचा प्रश्नच नव्हता, काहीच केलं नाही तर पैसे आपोआप तिकडे जात होते. ७.१० रुपयांच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या किमतीने, जुनी युनिट्स गेली आणि ४२.६० च्या एनएव्हीने नव्या फंडाची ३,२५९.९८४ युनिट्स आली. दोन लाखांचे जवळपास एक लाख ३९ हजार झाले होते.

२०१७ च्या गणपतीत सगळे जमलो होतो. भावोजींनी टॅबवर त्या मोठ्या फंडाचं पान उघडून दाखवलं. दहा वर्षांत वर्षाला ११ टक्के. "बघा, धीर धरला की मिळतं." बाबांनी वही आणली. त्या दिवशी त्यांचे होत होते दोन लाख ५५ हजार. साडेनऊ वर्षं ११ टक्क्यांनी दोन लाख वाढले असते तर पाच लाखांच्या वर जायला हवे होते. जावयाला उलट कसं विचारायचं, म्हणून बाबा एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी मोजायचं चुकलं असेल." आणि वही मिटली.

चुकलं काहीच नव्हतं. बाबांच्या पैशांना वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपासच मिळाले होते. टॅबवरचे ११ टक्के ज्या फंडाचे होते, त्यात त्या दहा वर्षांतली पहिली जवळपास सहा वर्षं बाबांचा एक रुपयाही नव्हता. ज्या फंडात तो होता, त्याचं पानच उरलं नव्हतं.

आता तुमची सरासरी. एका फंडाच्या बाबतीत जे झालं, तेच सगळ्या कॅटेगरीच्या बाबतीत होतं. सोपे, कल्पित आकडे घेऊन दाखवतो.

समजा एका कॅटेगरीत दहा फंड एकाच दिवशी सुरू झाले आणि प्रत्येकात एकेक लाख आले. सहा फंड वर्षाला १२ टक्के देतात, चार फंड २ टक्के. निर्देशांक वर्षाला १०.५ टक्के देतोय. तीन वर्षं झाल्यावर कॅटेगरीची सरासरी काढली तर ती ८ टक्के येते, म्हणजे निर्देशांकाच्या खाली. दुसऱ्या दिवशी ते चारही फंड चांगल्या सहांमध्ये विलीन होतात. यादीत आता सहाच नावं उरली, प्रत्येकासमोर १२. कॅटेगरीची तीन वर्षांची सरासरी एका रात्रीत ८ वरून १२ झाली आणि निर्देशांकाच्या वरही गेली. त्या रात्रीत कुणाही गुंतवणूकदाराला एक पैसा जास्त मिळालेला नाही.

अजून दोन वर्षं जाऊ द्या. आता पाच वर्षांची सरासरी १२ टक्केच दिसते. त्या हिशेबाने दहा लाखांचे सतरा लाख ६२ हजार व्हायला हवेत. प्रत्यक्षात सहा लाखांचे झाले दहा लाख ५७ हजार. उरलेले चार लाख तीन वर्षं २ टक्क्यांनी आणि पुढची दोन वर्षं १२ टक्क्यांनी वाढून पाच लाख ३२ हजारांच्या घरात गेले. एकूण जवळपास पंधरा लाख ९० हजार, म्हणजे वर्षाला ९.७ टक्के. खरी कॅटेगरी निर्देशांकाला हरली आणि छापील कॅटेगरी जिंकली. मधला एक लाख ७२ हजारांचा फरक कुणी चोरलेला नाही. जे फंड दिसत नाहीत, त्यांचा कमी परतावा सरासरीतून वगळला गेला, इतकंच.

नंतर मी हे बाबांना असंच वहीवर मांडून दाखवलं. त्यांना लगेच कळलं. ते म्हणाले, "शेवटच्या स्टॉपला किती उतरले एवढंच बघून गाडीत किती चढले होते ते कसं सांगणार? मधे उतरलेल्यांची तिकिटं वेबिलात असतात ना." याहून चांगलं मला सांगता येत नाही.

तुम्ही ज्या साइटवर पाहिलंत, ती खोटं बोलत नाही. ती आज चालू असलेल्या योजना घेते, त्यांतल्या ज्यांना दहा वर्षं झालीत त्यांचा परतावा घेते आणि सरासरी काढते. दहा वर्षांपूर्वी यादीत कोण होतं हे ती विचारतच नाही. आणि फंड सहसा बंद का पडतो? परतावा वाईट, म्हणून लोक पैसे काढतात, म्हणून फंड छोटा होतो, मग तो चालवणं परवडत नाही. म्हणजे यादीतून गळणारे यदृच्छया गळत नाहीत, बहुतेक खालचेच गळतात. शिवाय फंड हाउसला विलीनीकरणात दुहेरी फायदा असतो. वाईट इतिहास बऱ्याचदा नजरेआड जातो आणि पैसा घरातच राहतो. याला मी सरळ लपवाछपवी म्हणतो, नियमात बसत असली तरी.

ही गळती स्वतः पडताळता येते. ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर एनएव्हीचा जुना इतिहास तारखेप्रमाणे उतरवून घेता येतो. दहा वर्षांपूर्वीच्या एका कामकाजाच्या दिवसाची फाइल घ्या आणि आजची घ्या. एकाच योजनेच्या ग्रोथ, डिव्हिडंड किंवा आताच्या नावाने आयडीसीडब्ल्यू, रेग्युलर, डायरेक्ट अशा अनेक ओळी असतात, त्यातली रेग्युलर ग्रोथची एकच ठेवा. मग जुन्या यादीतला कोण आजच्या यादीत आहे ते बघा. इथे एक खड्डा आहे. नावावरून जुळवलंत तर फसाल, कारण २०१८ मध्ये भराभर नावं बदलली गेली. योजनेच्या कोडवरून जुळवा. जे कोड आज सापडत नाहीत, त्यांची शेवटची एनएव्ही बघितली की ते कशा अवस्थेत गेले ते कळतं. मी एका रविवारी इन्फ्रा फंडांचं हे करून बघितलं होतं आणि बाबांच्या फंडाचा कोड मला जुन्या फाइलमध्ये मिळाला. तो प्रिंट काढून मी त्यांच्या वहीत चिकटवला.

एवढी खटपट नको असेल तर एसअँडपी डाऊ जोन्स इंडायसेसचा भारतासाठीचा स्पिवा अहवाल बघा. त्यात काळाच्या सुरुवातीला जितके फंड होते तितके मोजतात आणि त्यातले किती टिकले याचा वेगळा तक्ता देतात. कॅटेगरी निर्देशांकाला हरवते का, हे बघायचं तर तिथे बघा.

तीन गोष्टी राहिल्या. बंद पडलेला प्रत्येक फंड वाईटच होता असं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने बहुतेक कॅटेगरींत एका फंड हाउसची एकच योजना असा नियम केला, तेव्हा बरेच ठीकठाक फंडही विलीन झाले. त्यामुळे त्या काळातली सगळी गळती वाईटपणाच्या खात्यात टाकू नका. लिक्विड फंडांत सगळ्यांचे परतावे जवळजवळ असल्याने हा फरक फार पडत नाही. सेक्टरच्या आणि थीमच्या फंडांत, आणि काळ जितका लांब तितका, तो जास्त बोचतो. आणि माझ्या उदाहरणातले आकडे मी मुद्दाम ठळक घेतलेत, कुठल्या खऱ्या कॅटेगरीत तफावत एवढीच असेल असं नाही.

एसआयपी करावी का, ते तुमच्या पगारावर आणि खर्चावर आहे, मी इथून काय सांगणार. केलीत तर सरासरी बघून फंड निवडू नका, निर्देशांकाचा साधा फंड घेतलात तरी चालेल. त्याआधी वडिलांचं कन्सॉलिडेटेड स्टेटमेंट अगदी पहिल्या तारखेपासूनचं मागवा. मधे कुठे मर्जरमुळे युनिट्स आल्याची नोंद दिसली, तर समजा की फंड बदललाय आणि आजच्या फंडाच्या पानावरचा दहा वर्षांचा आकडा त्यांचा नाही. ज्या ज्या तारखेला पैसे भरले किंवा काढले त्या रकमा आणि आजची किंमत घेऊन एक्सआयआरआर, म्हणजे तारखांप्रमाणे वर्षाला पडलेला दर, काढा. जो येईल तो वडिलांचा परतावा.

आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. भावोजींसमोर मी बाबांचा असा कागद पुढच्या वर्षीच्या गणपतीत ठेवला. त्यांनी बराच वेळ दोन्ही एनएव्ही बघितल्या आणि म्हणाले की विलीन झाल्यावर जुना आकडा कुठे जातो हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते खरं वाटतं. बाबा मधे बोलले नाहीत. त्यांनी फक्त वही पुढे सरकवली, १९,५५९.९०२ च्या पानावर.