थकबाकीचा फॉर्म्युला देण्याआधी शीट कशी मांडली आहे ते सांगा

«आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब शीटमध्ये आहे. प्रत्येक फ्लॅटची मार्चअखेरची थकबाकी दाखवणारा फॉर्म्युला हवाय. कुणी देईल का?»

फॉर्म्युला दोन ओळींचा आहे, पण तुमची शीट कशी मांडली आहे ते कळल्याशिवाय दिला तर चुकीचा आकडा येईल आणि तो चुकला आहे हे दिसणारही नाही. सभेत तो आकडा वाचून दाखवायचा असतो, म्हणून आधी थोडं विचारतो.

सोसायट्यांच्या शीट बहुतेक दोन प्रकारे मांडलेल्या असतात. पहिल्या प्रकारात एका ओळीत एक फ्लॅट आणि पुढे एप्रिल ते मार्च असे बारा कॉलम. A मध्ये फ्लॅट, B मध्ये मासिक आकारणी आणि C ते N महिने असतील तर एवढं पुरतं:

```
=B2*12-SUM(C2:N2)
```

दुसऱ्या प्रकारात पावती फाडली की खाली एक नवी ओळ, म्हणजे तारीख, फ्लॅट, रक्कम. ही नोंद Jama नावाच्या शीटवर A, B, C कॉलममध्ये आहे आणि फ्लॅटची यादी वेगळ्या शीटवर वरच्यासारखीच आहे असं धरलं तर:

```
=B2*12-SUMIFS(Jama!C:C,Jama!B:B,A2,Jama!A:A,">="&DATE(2024,4,1),Jama!A:A,"<="&DATE(2025,3,31))
```

दोन्हींत मागच्या वर्षाची बाकी धरलेली नाही. ती कुठे लिहिता हेही सांगा.

आता खरी मेख. समजा, B-304 या फ्लॅटची मासिक आकारणी 2,500 आहे. अकरा महिन्यांचे पैसे वेळेवर आले, मार्चचा चेक 6 एप्रिल 2025 ला आला. पहिल्या प्रकारच्या शीटमध्ये तुम्ही ते पैसे मार्चच्या कॉलममध्ये लिहिणार, त्यामुळे थकबाकी शून्य. दुसऱ्या प्रकारात 6 एप्रिल ही तारीख वर्षाबाहेर जाते, म्हणून थकबाकी 2,500. पैसे तेच आणि फ्लॅटही तोच. एका मांडणीत पैसे कोणत्या महिन्याचे ते लिहिलेलं असतं, दुसरीत ते कधी आले ते. म्हणून पहिला प्रश्न: ‘मार्चअखेर’ म्हणजे 31 मार्चपर्यंत हातात आलेले पैसे वजा करायचे, की मार्चपर्यंतच्या आकारणीपोटी नंतर आलेलेही? हे कमिटीने ठरवायचं, फॉर्म्युल्याने नाही.

दुसरा प्रश्न तारखांचा, कारण इथे फसगत जास्त होते. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची राहिली असेल तर महिना आधी धरला जातो. 4 जानेवारीची पावती तुम्ही 04/01/2025 अशी लिहिली की एक्सेल ती 1 एप्रिल 2025 समजतं, तारीख वर्षाबाहेर पडते आणि B-304 ची थकबाकी 2,500 ऐवजी 5,000 दिसते. 15/01/2025 ला मात्र पंधरावा महिना नसल्याने ती नोंद तारीख न राहता नुसता मजकूर होते, आणि SUMIFS ती गुपचूप वगळतं. एरर कुठेच येत नाही. ओळखायचं असं: कोपऱ्यात रिकाम्या सेलमध्ये हे टाका आणि तारखांच्या शेवटापर्यंत खाली ओढा.

```
=ISNUMBER(Jama!A2)
```

एखाद्या ओळीत FALSE आलं तर तेवढीच ओळ दुरुस्त करून थांबू नका. बारा तारखेच्या आतल्या नोंदी TRUE दाखवूनही उलट्या झालेल्या असू शकतात, त्यामुळे सगळ्या तारखा पावतीपुस्तकाशी ताडून पाहाव्या लागतील.

बारा कॉलमवाली शीट असेल तर धोका वेगळा आहे. कुणीतरी ‘2500 रोख’ असं लिहिलेलं असतं आणि SUM ते मोजतच नाही. असे किती सेल आहेत ते यावरून कळतं:

```
=COUNTA(C2:N2)-COUNT(C2:N2)
```

शून्य आलं पाहिजे.

फ्लॅट नंबरचंही बघा. एका शीटवर B-304 आणि दुसरीवर B304, किंवा शेवटी एक जास्तीची स्पेस, एवढ्यानेही SUMIFS ला फ्लॅट सापडत नाही आणि पैसे भरलेल्या माणसावर पूर्ण वर्षाची बाकी चढते. एखाद्या फ्लॅटवर बरोबर 30,000 दिसले तर आधी हेच तपासा.

व्हर्जन विचारत नाही, कारण वरचं सगळं एक्सेल 2007 पासून आणि गूगल शीट्समध्येही चालतं.

तुम्ही एवढं पाठवा: हेडिंगची ओळ आणि तिच्याखालच्या चार ओळी, कॉलमच्या अक्षरांसकट, टाइप करून किंवा कॉपी करून. सभासदांची नावं काढून टाका, फ्लॅट नंबर पुरे. नुसत्या फोटोत तारीख खरी आहे की मजकूर हे कळत नाही. सोबत एका फ्लॅटची थकबाकी पावतीपुस्तकावरून हाताने काढून लिहा. उशिरा पैसे भरणारा फ्लॅट घ्या, म्हणजे वरचा पहिला प्रश्नही त्यातच सुटेल. माझ्या फॉर्म्युल्याचा आकडा त्याच्याशी जुळला की मगच तो सगळ्या फ्लॅटना खाली ओढा.