'प्रत्येक पदासाठी एक सीमा' आणि 'सगळ्या पदांसाठी एक सीमा'

प्रश्न: "प्रत्येक पदासाठी एक सीमा आहे" आणि "अशी एक सीमा आहे जी प्रत्येक पदाला चालते" या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत. मग अर्थ वेगळा कसा? आणि यांचा नकार कसा करायचा?

उत्तर: कोण आधी ठरतं, त्यावर सगळं आहे. जे नंतर येतं ते आधीच्याकडे बघून निवडता येतं. जे आधी येतं त्याला पुढचं काही ठाऊक नसतं.

१, २, ३, ४… ही क्रमिका घ्या, म्हणजे aₙ = n. पहिलं वाक्य चिन्हांत असं, यात M म्हणजे सीमा, ∀ म्हणजे 'प्रत्येक' आणि ∃ म्हणजे 'असा एक तरी आहे':

∀n ∃M (aₙ ≤ M)

तुम्ही पद सांगा, मग मी M सांगतो. तुम्ही शंभरावं पद म्हणालात, तर मी M = १०० म्हणेन आणि सुटेन. ही पळवाट कुठल्याही क्रमिकेला चालते, कारण M म्हणून तेच पद पुढे करता येतं. थोडक्यात, हे वाक्य खरं असूनही काहीच सांगत नाही. दुसरं वाक्य:

∃M ∀n (aₙ ≤ M)

इथे M मला आधी जाहीर करावा लागतो आणि नंतर बदलता येत नाही. मी दहा लाख म्हणालो की तुम्ही दहा लाख एकावं पद काढणार. म्हणून या क्रमिकेसाठी हे खोटं आहे. क्रमिका 'वरून सीमित' आहे असं म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने. दुसरं खरं असेल तर पहिलं आपोआप खरं ठरतं. उलट मात्र नाही.

आता या दुसऱ्या वाक्याचा नकार. वाक्याच्या सुरुवातीला "असं नाही की" लावा आणि तो 'नाही' एकेक पायरी आत सरकवा. ∃ ओलांडताना त्याचा ∀ होतो, ∀ ओलांडताना ∃, आणि शेवटी ≤ चं > होतं. क्रम जागच्या जागी राहतो:

∀M ∃n (aₙ > M)

म्हणजे कुठलाही M द्या, त्याला ओलांडणारं एखादं पद सापडतंच. वर दहा लाखांच्या बाबतीत तुम्ही हेच केलंत.

नेहमीची चूक म्हणजे फक्त शेवटची खूण उलटवणं: ∃M ∀n (aₙ > M). ५, ५, ५… या क्रमिकेवर ती लगेच उघडी पडते. M = ७ घेतल्यावर मूळ विधान खरं, आणि M = १ घेतल्यावर हा तथाकथित नकारही खरा! विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खरे निघाले, तर नकार चुकलाय हे नक्की.

या चुकीला आपली बोलीही थोडा हातभार लावते असं मला वाटतं. "सगळी पदं दहापेक्षा लहान नाहीत" या वाक्यातून एकही लहान नाही असंही ऐकू येतं आणि काही लहान नाहीत असंही. म्हणून लिहिताना "सगळीच पदं दहापेक्षा लहान आहेत असं नाही" किंवा "एकही पद दहापेक्षा लहान नाही" यांपैकी जे म्हणायचंय ते लिहावं.