पहाटे तीनला झोपून साडेसहाला उठलं, तर नेमकी कुठली झोप जाते?

प्रश्न: झोपेचे टप्पे ईईजीवर कसे ओळखतात? आणि वाचलेलं पक्कं होतं ते गाढ झोपेत की स्वप्नांच्या झोपेत? मी भंवरकुव्याला पीजीत राहून एमपीपीएससीची तयारी करते. रोज ३ ते ६:३० एवढीच झोप होते.

उत्तर:

मी इंदूरलाच झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्रभर पेशंटच्या तारा सांभाळायच्या आणि सकाळी त्याच्या झोपेची पानं वाचायची, हे माझं काम. तुमची साडेतीन तासांची झोप पानावर कशी दिसेल ते मला डोळ्यांपुढे आणता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पान म्हणजे ३० सेकंद. पूर्वी कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायचा आणि एक पान तीस सेंटिमीटरचं असायचं. कागद गेला, संगणक आला, तरी ३० सेकंद तेच राहिले. सात तासांच्या झोपेची आठशे चाळीस पानं होतात आणि प्रत्येक पानाला एकच शिक्का मारायचा: जागा, एन-१, एन-२, एन-३ किंवा आरईएम. डोक्यावर ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या तारा; त्यांशिवाय डोळ्यांच्या बाजूला दोन आणि हनुवटीवर काही तारा असतात. हनुवटीचं काय काम, असं सगळे विचारतात. ते पुढे येईल.

आमच्याकडे नवं मशीन आलं तेव्हा चाचणीसाठी मी माझ्या भाच्याला झोपवलं होतं. वय बावीस, अंगानं ठणठणीत, फक्त सराफ्यात रात्री एकपर्यंत गराडू खायची सवय. त्याचीच रात्र सांगते.

११:२० ला दिवे घालवले. डोळे मिटल्याबरोबर डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर अल्फा लाटा आल्या, सेकंदाला आठ ते तेरा, कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या. डोळे उघडले की त्या जातात. ११:३४ ला अल्फा विरघळला, रेघ बुटकी आणि अनियमित झाली, डोळे आत हळूहळू झोका घेतल्यासारखे फिरू लागले. हा एन-१. या वेळी हलवून विचारा, माणूस हमखास म्हणतो, ‘मी कुठं झोपलो होतो?’

चार मिनिटांत एन-२ आला. याच्या दोन खुणा. एक स्पिंडल: अर्धा ते दीड-दोन सेकंदांचा दाट लाटांचा झुपका, सेकंदाला अकरा ते सोळा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, चरख्याच्या चातीसारखा. दुसरी के-कॉम्प्लेक्स: एक मोठा टोकदार हिसका वर आणि लगेच खाली. खाली रस्त्यावर रिक्षानं हॉर्न वाजवला आणि भाच्याच्या रेघेवर के-कॉम्प्लेक्स उमटला. तो मात्र हलला नाही. मेंदूनं आवाज ऐकला आणि झोप मोडू दिली नाही.

११:५२ पासून एन-३, म्हणजे गाढ झोप. लाटा मंद आणि उंच होतात: सेकंदाला दोन किंवा त्याहून कमी, उंची ७५ मायक्रोव्होल्टच्या वर. तीस सेकंदांपैकी सहा सेकंद जरी अशा लाटा असल्या तरी ते पान एन-३. या लाटांनी मला एकदा फसवलं आहे. मे महिना, एसी बंद पडलेला, आणि पेशंटच्या पानांवर रात्रभर सुंदर मंद लाटा. एवढी गाढ झोप पन्नाशीच्या माणसाला? तो घाम होता. घामानं तारेखालचा विद्युतदाब डुलतो आणि रेघ वरखाली तरंगते. ओळखायचं असं, की घामाची लाट फार संथ असते, दोन-तीन सेकंदांना एक, आणि तिच्या पाठीवर जागेपणाचा अल्फा आरामात बसलेला दिसतो. खऱ्या गाढ झोपेत अल्फा असा ठळक राहत नाही. खोली थंड केली आणि त्याची ‘गाढ झोप’ नाहीशी झाली.

आता आरईएम, म्हणजे स्वप्नांची झोप. मेंदूची रेघ पुन्हा बुटकी आणि वेगवान होते, कधी करवतीच्या दातांसारख्या लाटा येतात, आणि डोळे झटक्याझटक्यानं हलतात. नुसत्या ईईजीवर हे पान एन-१ म्हणून किंवा जागेपण म्हणूनही खपून जाईल. इथे हनुवटी साक्ष देते. आरईएममध्ये स्नायूंचा ताण जातो आणि हनुवटीची रेघ सपाट होते. १९५३ साली असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे मांडली, तीही डोळ्यांच्या हालचालींवरून.

भाच्याचा हिशेब असा झाला. गाढ झोप एकूण ७५ मिनिटं, त्यातली ६६ रात्री दोनच्या आत संपली. आरईएम ८१ मिनिटं: पहिलं अवघं सहा मिनिटांचं, शेवटचं ३४ मिनिटांचं, आणि साठ मिनिटं पहाटे साडेतीननंतरची. तरुण माणसाच्या झोपेचा साचा साधारण असाच असतो. सुमारे दीड तासाची फेरी, पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप भरपूर, शेवटच्या फेऱ्यांत एन-२ आणि आरईएम.

आता स्मरणाकडे येते. जर्मनीत ल्युबेकच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या आणि त्या वेळी खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी त्यांना सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, वास न देता सुमारे ८६ टक्के. वास आरईएममध्ये दिला तर फायदा नाही. शिकताना वास नसेल तर नंतर दिलेल्या वासाचाही फायदा नाही. म्हणजे वासानं झोप सुधारली असं नव्हतं, त्या विशिष्ट आठवणीला हाक गेली होती.

ही हाक पोचते कशी? दिवसभराची ताजी नोंद मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात असते. मंद लाटेत मेंदूच्या वरच्या थरातले असंख्य पेशीसमूह एकदम गप्प होतात आणि मग एकदम बोलू लागतात. त्या बोलण्याच्या क्षणाला धरून मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमधून स्पिंडल येतो, आणि स्पिंडलच्या लाटांच्या खोबणीत हिप्पोकॅम्पसचे रिपल बसतात, सेकंदाला ऐंशी-शंभर वेळा थरथरणारे बारीक झटके. रिपलच्या वेळी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसा चाललेला रस्ता पेशी पुन्हा ‘चालतात’, पण कितीतरी पट वेगानं. २००९ मध्ये उंदरांच्या झोपेतले रिपल विजेनं मोडले, तेव्हा त्यांचं रस्ता शिकणं मागे पडलं. वाचलेलं पक्कं होणं म्हणजे या तिघांची वेळ जुळणं. नुसती मंद लाट पुरत नाही. आमच्या लॅबमध्ये मात्र मंद लाट आणि स्पिंडल दिसतात, रिपल कवटीच्या वरून दिसत नाही. तो पाहायचा तर मेंदूत आत तार हवी, आणि ती फक्त अपस्माराच्या शस्त्रक्रियेसारख्या कारणानंच घालतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग माझं काय बिघडलं? गाढ झोप तर सुरुवातीलाच येते. बरोबर आहे. झोप कमी केली तर मेंदू आधी गाढ झोप वसूल करतो, त्यामुळे साडेतीन तासांतही तुमचं एन-३ बरंचसं शाबूत असेल. जाते ती मागची झोप. तिच्यात आरईएम आहे आणि एन-२ चे खूप स्पिंडल आहेत. स्पिंडलचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते वरच्या तिघांमधले एक आहेत आणि पाठांतराच्या खात्यात कुणी त्यांना मोजत नाही.

आरईएमबद्दल मी जरा जपून बोलते. गाढ झोप माहितीसाठी आणि आरईएम कौशल्यासाठी, अशी सरळ वाटणी खूप ठिकाणी वाचायला मिळते. तिचं मूळ १९९७ च्या एका प्रयोगात आहे. त्यात रात्रीचा पहिला अर्धा भाग झोपलेल्यांना शब्दांच्या जोड्या चांगल्या आठवल्या, आणि दुसरा अर्धा झोपलेल्यांचं आरशात बघून रेघ गिरवणं सुधारलं. पण दुसऱ्या अर्ध्यात आरईएमबरोबर एन-२ ही भरपूर असतो, मग श्रेय कुणाला द्यायचं? उंदरांची आरईएम हिरावून घेण्याचे जुने प्रयोगही बघा. उंदराला पाण्यातल्या उलट्या कुंडीवर बसवायचे. आरईएममध्ये अंग सैल पडलं की तो पाण्यात पडायचा. शिकणं बिघडायचं, पण ते आरईएम गेल्यामुळे की रात्रभराच्या हालांमुळे? नैराश्याच्या कित्येक गोळ्या आरईएम बरीच कमी करतात. त्या घेणाऱ्यांची स्मरणशक्ती कोसळत नाही, आणि २००९ च्या एका चाचणीत तर बोटांच्या सरावाचं कौशल्य अशा गोळीवर उलट थोडं सुधारलं. (गोळी चालू असेल तर केवळ या वाचनावरून बंद करू नका.) दुसऱ्या बाजूला २०१६ मध्ये उंदराला न उठवता फक्त आरईएममधल्या थीटा लाटा प्रकाशानं दाबल्या, तर ‘या जागी मला धक्का बसला होता’ ही आठवण कच्ची राहिली. तेव्हा आरईएमला काम आहे. पण कलम आणि वर्ष लक्षात राहण्याचा मुख्य भार तिच्यावर आहे, असं मी म्हणणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर १२ ते ३ चं वाचन सकाळी न्या आणि १२ ते ६:३० झोपा. पाठांतराचा भाग झोपण्याआधी ठेवा, बातम्या आणि चालू घडामोडी सकाळी. दुपारी क्लास नसेल तर दीड तासाची झोप घ्या, पुरती एक फेरी होते आणि त्यातही एन-३ येतो. फक्त गजर एन-३ मध्येच वाजला तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं. त्या वेळी पुस्तक उघडू नका, आधी चहा घ्या.

मनगटावरचं घड्याळ ‘डीप स्लीप ४७ मिनिटं’ दाखवत असेल, तर तो आकडा नाडी आणि हालचालीवरून बांधलेला अंदाज असतो. त्याला स्पिंडल दिसत नाही आणि हनुवटीही नाही. माझ्या भाच्याच्या घड्याळानं त्या रात्री गाढ झोप दोन तास दहा मिनिटं सांगितली होती. माझ्या पानांवर ती सव्वा तास होती.