आकृती उडालेल्या प्रश्नांची वाटणी

भावा, भूमितीच्या प्रश्नसंचाच्या राजारामपुरीत काढलेल्या झेरॉक्सवर आकृतीच्या जागी नुसता काळा डाग आहे म्हणून अख्खा प्रश्न बाद करू नकोस. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे शब्द तर पेपर काढणारे बऱ्याचदा सवयीनंच टाकतात. शब्दांत बसणाऱ्या दोन वेगळ्या आकृत्या काढून बघ. दोन्हींत उत्तर तेच येत असेल तर बहुतेक चित्राची गरज नाही.

तुझ्या संचातलाच प्रश्न घे: वर्तुळाची त्रिज्या 5 सेमी, समांतर जीवा 8 आणि 6 सेमी. पहिला भाग, प्रत्येक जीवेचं केंद्रापासूनचं अंतर. केंद्रातून टाकलेला लंब जीवा दुभागतो, म्हणून पायथागोरसनं 3 आणि 4 सेमी. हा बिनधास्त सोडव. दुसरा भाग, दोन जीवांमधलं अंतर. इथं नवखा हमखास फसतो, कारण आकडे पुरेसे वाटतात. जीवा केंद्राच्या दोन बाजूंना असतील तर 7, एकाच बाजूला असतील तर 1. शब्दांत बाजू कुठंच दिलेली नाही, ती फक्त चित्रात होती. उत्तरसूचीत 7 दिसलं म्हणून 'विरुद्ध बाजूंना' हे शब्द गुपचूप घुसडू नकोस. दोन्ही उत्तरं लिही आणि शेजारी 'आकृती हवी' असा शेरा मार.